पाइप फुटलेला नाही, तरी छतातून पाणी का टपकतं?

जूनचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडला की मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरी-पणजीपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते. फॉल्स सीलिंगवर पिवळसर डाग पडतो, दोन दिवसांत तो ताटाएवढा होतो आणि मग थेंब सुरू होतात. प्लंबर येतो, एखादी पाटी काढून वर टॉर्च मारतो आणि सांगतो, "पाइप लीक आहे." जोड बदलला जातो, कुठे वरच्या मजल्याच्या बाथरूमची फरशी उखडली जाते. चार दिवसांनी थेंब पुन्हा हजर. ऑक्टोबरच्या अखेरीस ते आपोआप थांबतात आणि सगळे समजतात की दुरुस्ती अखेर लागू पडली. पुढच्या जूनमध्ये डाग परत त्याच जागी.

यातल्या बऱ्याच ठिकाणी पाइपातून एक थेंबही बाहेर आलेला नसतो. ते पाणी हवेतलं असतं. थंड पाइपाच्या अंगावर ते जमतं, ओघळतं आणि खाली पडतं. आपण त्याला पाइपाला घाम सुटला असं म्हणतो. हा घाम नेमका कधी सुटतो, तो गळतीपासून वेगळा कसा ओळखायचा आणि त्यावर गुंडाळलेलं काळं रबर कधी उपयोगी पडतं, कधी फुकट जातं, हे या लेखात पाहू.

## हवेतलं पाणी पाइपावर का उतरतं?

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते, ती दिसत नाही इतकंच. पण किती वाफ राहू शकेल याला मर्यादा असते आणि ती तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांना ही मर्यादा १७ ग्रॅमवर येते आणि ७ अंशांना जेमतेम ८ ग्रॅमवर.

आता पावसाळ्यातली हवा घ्या. तापमान ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. म्हणजे ३० ग्रॅमच्या मर्यादेपैकी ८५ टक्के, साधारण २६ ग्रॅम वाफ तिच्यात आहे. ही हवा एखाद्या थंड वस्तूला टेकली की तिचा वस्तूलगतचा पातळ थर थंड होत जातो आणि मर्यादा खाली येत राहते. एका ठरावीक तापमानाला मर्यादा आणि असलेली वाफ यांची बरोबरी होते. त्याहून थंड झालं की जास्तीची वाफ पाणी होऊन त्या वस्तूवर बसते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. आपल्या उदाहरणातल्या हवेचा दवबिंदू आहे सुमारे २७ अंश.

हा आकडा नीट पाहा. हवा ३० अंशांची आणि दवबिंदू २७ चा. मधे फक्त तीन अंशांचं अंतर आहे. जी कोणती वस्तू हवेपेक्षा तीन अंशांहून जास्त थंड असेल, ती ओली होणार. फ्रिजमधली बाटली, बर्फाचा ग्लास यांचं तर सोडाच, पण २६ अंशांची लोखंडी पट्टीसुद्धा ओलसर होईल.

याउलट मे महिन्यात नागपुरात दुपारी ४४ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू १६ अंशांच्या आसपास येतो. हवा अंग भाजून काढत असते, पण २० अंशांच्या पाण्याचा पाइप तिथे कोरडा ठणठणीत राहतो. म्हणून घामाचा अंदाज बांधताना उन्हाळा किती कडक आहे हे पाहून उपयोग नाही. पाइपाचा बाहेरचा पृष्ठभाग दवबिंदूच्या वर आहे की खाली, एवढंच पाहायचं. मोबाइलवरच्या हवामानाच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये दवबिंदू दिलेला असतो. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर तो बहुतेक दिवस २५ ते २६ अंशांच्या आसपास असतो.

## मग आमच्या घरच्या नळाच्या पाइपाला घाम का येत नाही?

कारण आपल्याकडे नळाला येणारं पाणी मुळात फारसं थंड नसतं. कोकणपट्टीत जमिनीखालच्या पाइपांतून आणि गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी पावसाळ्यातही साधारण २५ ते २८ अंशांचं असतं, म्हणजे दवबिंदूच्या जवळपास. एखाद्या ओल्या सकाळी, रात्रभर गार झालेल्या टाकीचा लोखंडी पाइप हाताला दमट लागेल, पण त्यावरून थेंब ओघळायची वेळ सहसा येत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे वाचून नवल वाटेल. न्यू जर्सीतल्या घरात जूनमध्ये तळघरात उतरलं, तर पालिकेच्या पाण्याचा साधा पाइप आणि शौचालयाची पाण्याची टाकी घामाने निथळताना दिसते. तिथली जमीन हिवाळ्यात गारठलेली असते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरात येणारं पाणी १० ते १५ अंशांचं असू शकतं आणि दमट दिवशी हवेचा दवबिंदू २० अंशांच्या आसपास जातो. म्हणून तिथे घराघरांत थंड पाण्याच्या पाइपावरही फोमच्या नळ्या चढवतात. शौचालयाच्या टाकीत थोडं गरम पाणी मिसळणारा एक खास व्हॉल्व्हही तिथे मिळतो, टाकीला घाम सुटू नये एवढ्यासाठी.

आपल्याकडे हा त्रास होतो तो मुद्दाम थंड केलेल्या पाण्याच्या पाइपांना. त्यांचे तीन प्रकार नेहमी भेटतात. पहिला, ऑफिस, हॉस्पिटल आणि मॉलमधल्या सेंट्रल एसीचा. तिथे तळघरातलं किंवा गच्चीवरचं यंत्र पाणी सुमारे ७ अंशांपर्यंत थंड करतं आणि ते पाइपांतून मजल्यामजल्यावर फिरतं. दुसरा, एकाच मोठ्या कूलरमधून अनेक मजल्यांवर पिण्याचं गार पाणी नेणारा पाइप. तिसरा घराघरांत असतो पण कुणाच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे एसीच्या आतल्या भागातून पाणी बाहेर नेणारा पीव्हीसीचा ड्रेन पाइप. त्यातलं पाणीही गारच असतं. तो पाइप फॉल्स सीलिंगमधून किंवा इमारतीच्या दमट डक्टमधून उघडा नेला असेल, तर आतून पाणी वाहतं आणि बाहेरून घाम.

## एवढ्याशा घामाने काय होतं?

एक इंची लोखंडी पाइप, आत ७ अंशांचं पाणी, बाहेर आपली ३० अंशांची ८५ टक्के आर्द्रतेची हवा. पाइप उघडा असेल तर ढोबळ हिशोबाने दर मीटर लांबीवर दिवसाला निदान अर्धा लिटर पाणी जमतं. असा दहा मीटरचा तुकडा छतात असेल तर रोज निदान पाच लिटर. ते सगळं एका जागी पडत नाही. पाइपाच्या उतारावरून वाहत ते सर्वांत खालच्या बिंदूला किंवा एखाद्या क्लँपपाशी गोळा होतं आणि तिथून पडतं. म्हणून डाग एका जागी दिसतो आणि सगळ्यांना तिथेच जोड गळतोय असं वाटतं.

जिप्समची पाटी या पाण्याने मऊ होऊन खाली येते. विजेची पेटी किंवा दिवा खाली असेल तर धोका सरळच आहे. आणि लोखंडी पाइप कायम ओला राहिला की तो बाहेरून गंजत जातो. काही वर्षांनी घामाच्या जागी खरीखुरी गळती सुरू होते.

## घाम की गळती, हे कसं ओळखायचं?

फरशी फोडायच्या आधी चार साध्या गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, पाइप पूर्ण पुसून घ्यायचा आणि दोन ठिकाणी कोरडा टिश्यू पेपर गुंडाळायचा, एक संशयित जोडावर आणि दुसरा जोडापासून फूटभर वर, सलग पाइपावर. अर्ध्या तासाने पाहायचं. सलग भागावरचा कागदही भिजला असेल तर तो घाम. पाइपाला मधेच भोक पडलेलं असणं फार दुर्मीळ. जोडावरचा कागद ओला आणि वरचा कोरडा राहिला, तर गळतीचा संशय पक्का होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. घाम यंत्रणेच्या वेळापत्रकाने चालतो. एसी बंद केल्यावर दोन-तीन तासांत थेंब थांबत असतील आणि सुरू केल्यावर पुन्हा येत असतील, तर पाणी बाहेरच्या हवेतलं आहे. दाबाखालचा पाइप खरोखर गळत असेल तर एसी बंद करून पाणी गार राहिलं नाही तरी तो गळतच राहतो. ड्रेन पाइपाचा मात्र इथे अपवाद करावा लागतो. त्यात पाणी एसी चालू असतानाच वाहतं, म्हणून त्याची गळतीही एसीबरोबरच थांबते. त्याला टिश्यूचीच कसोटी लावावी.

तिसरी गोष्ट टीडीएस मीटरची. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा हा छोटा मीटर वॉटर प्युरिफायरमुळे हल्ली बऱ्याच घरांत असतो. हवेतून जमलेलं पाणी जवळजवळ शुद्ध असतं, त्यात क्षार नसतात. स्वच्छ पुसलेल्या पाइपाखाली वाटी धरून पाणी गोळा करा आणि नळाच्या पाण्याशी ताडून पाहा. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या इमारतीत फरक डोळ्यांत भरतो, नळाचा आकडा काहीशेत आणि वाटीतला अगदी थोडका. सेंट्रल एसीच्या पाण्यात गंज रोखणारी रसायनं घातलेली असतात, त्यामुळे तिथेही फरक मोठाच दिसतो. धरणाचं पाणी मुळात कमी क्षारांचं असेल तर मात्र ही कसोटी तितकी स्पष्ट राहत नाही, आणि सीलिंगच्या पाटीवरून झिरपून आलेलं पाणी घेतलं तर पाटीतले क्षार त्यात उतरून आकडा फसवा येतो.

एवढं करूनही शंका उरली तर पाइपाचे दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून त्या भागातला दाब गेजवर पाहायचा. त्या भागातलं पाणी गार किंवा गरम होत राहिलं तर दाबही हलतो, म्हणून चाचणीआधी ते हवेच्या तापमानाला येऊ द्यावं. मग काटा रात्रभर जागचा हलला नाही तर गळती नाही.

## इन्सुलेशन नेमकं काय करतं?

थंड पाइपाभोवती उष्णता न वाहू देणारा थर गुंडाळला की आतला पाइप थंडच राहतो, पण थराचा बाहेरचा पृष्ठभाग खोलीच्या तापमानाजवळ येतो. हवा आता त्या बाहेरच्या पृष्ठभागाला टेकते. तो दवबिंदूच्या वर असेल तर पाणी जमत नाही. सगळी गोष्ट एवढीच आहे. मग थर किती जाड हवा?

ठाण्यातल्या एका ऑफिसचं कल्पित उदाहरण घेऊन हा हिशोब पूर्ण करू. तोच एक इंची पाइप, ७ अंशांचं पाणी, फॉल्स सीलिंगच्या वर ३० अंशांची स्थिर हवा, आणि गुंडाळायला नायट्रिल रबर, म्हणजे बाजारात काळ्या नळीच्या रूपात मिळणारं मऊ, हलकं, बंद छिद्रांचं रबर. पाण्यापासून हवेपर्यंत एकूण फरक २३ अंशांचा. आर्द्रता ८५ टक्के असेल तर पृष्ठभाग २७ अंशांच्या वर राहायला हवा. म्हणजे २३ पैकी २० अंश एकट्या रबराने अडवायचे आणि रबराच्या बाहेर फक्त तीन शिल्लक ठेवायचे. हिशोब केला तर जाडी येते सुमारे २३ मिलिमीटर. बाजारात ९, १३, १९, २५, ३२ अशा जाड्या मिळतात, तेव्हा २५ घ्यावी लागेल.

आता आर्द्रता बदलून पाहू, बाकी सगळं तेच ठेवून. ७० टक्क्यांना दहा-अकरा मिलिमीटर पुरतात. ८० टक्क्यांना १७ लागतात. ८५ ला २३. आणि ९० टक्क्यांना तब्बल ३३. आर्द्रता वीस टक्क्यांनी वाढली आणि जाडी तिप्पट झाली. शंभर टक्क्यांच्या जवळ गेलं तर कोणतीच जाडी पुरणार नाही, कारण मग हवेपेक्षा किंचितही थंड असलेला पृष्ठभाग ओला होतो.

पाणी थोडं कमी गार केलं तर? ७ ऐवजी १० अंशांचं पाणी घेतलं तर ८५ टक्क्यांना जाडी २३ वरून २० वर येते. बस, एवढाच फरक. माझ्या मते इन्सुलेशनची जाडी ठरवताना आपल्याकडे सर्वांत मोठी चूक इथेच होते. पाणी किती थंड आहे हे सगळे विचारतात आणि पाइप जिथून जातो तिथली हवा किती दमट आहे हे कुणी विचारत नाही. एसीच्या खोलीत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असते, तिथल्या हवेचा दवबिंदू १४ च्या आसपास. तोच पाइप भिंत ओलांडून उघड्या डक्टमध्ये गेला की त्याला पूर्ण पावसाळी हवा भेटते. खोलीतल्या मापाने निवडलेली ९ मिलिमीटरची नळी डक्टमध्ये निथळते आणि मग दोष मालाला दिला जातो.

## जाड थर लावला की काम झालं?

नाही. आणि या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे.

दमट हवेतल्या वाफेला स्वतःचा दाब असतो. आपल्या उदाहरणात बाहेरच्या वाफेचा दाब सुमारे ३,६०० पास्कल आहे, तर ७ अंशांच्या पाइपालगत तो १,००० पास्कलच्या वर जाऊ शकत नाही. या फरकामुळे वाफ दिवसरात्र, कुठे वाट सापडेल तिथून आत पाइपाकडे जात राहते. गरम पाण्याच्या पाइपात असं होत नाही. तिथे ओल असली तरी उष्णतेने ती बाहेर पडते. थंड पाइपाकडे गेलेली वाफ पाणी होते आणि तिथेच अडकून बसते.

पाणी उष्णता रबरापेक्षा सुमारे पंधरा पटींनी जास्त वाहून नेतं. थरात पाणी भरलं की तो थर भिजलेल्या गोधडीसारखा होतो, वजनाने जड आणि उबेला निकामी. मग बाहेरचा पृष्ठभागही थंड पडतो आणि त्याला घाम सुटतो. म्हणून थंड पाइपाच्या इन्सुलेशनची दोन कामं असतात, उष्णता अडवणं आणि वाफ अडवणं. दुसरं साधलं नाही तर पहिलं फार दिवस टिकत नाही.

म्हणूनच नुसतं ग्लासवूल, कापड, गोणपाट किंवा स्पंज गुंडाळणं थंड पाइपाला घातक ठरतं. त्यांच्यातून वाफ आरपार जाते, आत पाणी साठतं आणि ओल बाहेरून महिनोन्‌महिने दिसतही नाही. ग्लासवूल वापरायचंच असेल तर त्यावर वाफ न जाऊ देणारं अखंड आवरण लागतं आणि ते कायम अखंड ठेवावं लागतं. नायट्रिल रबराची छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळे त्याच्या अंगातूनच वाफ फार कष्टाने जाते. तरीही जोड उघडे राहिले तर हा सगळा फायदा वाया जातो.

## मग थेंब नेमके कुठून पडतात?

सलग पाइपावरून क्वचितच. पुढच्या जागा आधी तपासाव्यात.

क्लँप सगळ्यांत पुढे. पाइप छताला टांगताना लोखंडी क्लँप थेट पाइपाला कसतात आणि रबर त्याच्या दोन्ही बाजूंना आणून थांबवतात. लोखंड उष्णता झटकन नेतं. क्लँप गारठतो आणि त्यालाच घाम सुटतो. कधी क्लँप रबराच्या वरून कसतात, मग पाइपाच्या वजनाने रबर चेपतं आणि २५ चं १० मिलिमीटर होतं. योग्य पद्धत म्हणजे क्लँपच्या जागी इन्सुलेशनच्याच जाडीचा कडक पफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा, किंवा लाकडाचा गोल तुकडा बसवायचा, क्लँप त्यावर कसायचा आणि दोन्ही बाजूंचं रबर त्या तुकड्याला गोंदाने चिकटवायचं.

दुसरी जागा व्हॉल्व्ह. पाइप सुंदर गुंडाळलेला आणि व्हॉल्व्ह उघडा, हे दृश्य इतकं सर्रास दिसतं की लोकांना ते बरोबरच वाटतं. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "उघडायला लागतो ना." उघडायला फक्त दांडा किंवा चाक लागतं. व्हॉल्व्हचं अंग रबराच्या तुकड्यांनी मढवता येतं. दांडा लांब असेल तर इन्सुलेशनच्या बाहेर राहूनही तो फिरतो.

तिसरी जागा म्हणजे रबराची उभी चीर. नळी चढवायला ती लांबीत चिरतात आणि पुष्कळदा वरून नुसती टेप मारतात. एक-दोन पावसाळ्यांत टेप सुटते. चिरेच्या दोन्ही कडांना रबराचा गोंद लावून, तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू देऊन मग कडा दाबाव्या लागतात. टेप त्यानंतर, जास्तीची काळजी म्हणून. प्लास्टिकच्या टायने आवळणं तर टाळाच. टाय जिथे रुतते तिथे रबर पातळ होतं आणि बरोबर तिथेच थेंब धरतो.

आणि एक जागा डोळ्यांना दिसूनही कळत नाही. दोन थंड पाइप शेजारी, एकमेकांना चिकटून नेलेले असतात. त्यांच्या मधल्या फटीत हवा खेळत नाही, तिथला पृष्ठभाग जास्त गार होतो. दोन गुंडाळलेल्या पाइपांत बोटभर तरी अंतर हवं.

## "आम्ही तर चकचकीत फॉइलचं आवरण घातलं होतं"

वाफ अडवायला ॲल्युमिनियम फॉइल उत्तम, यात वाद नाही. पण चकचकीत पृष्ठभाग आजूबाजूच्या भिंतींकडून येणारी उष्णता परावर्तित करतो, म्हणून तो काळ्या रबरापेक्षा थोडा जास्त थंड राहतो. आपल्या उदाहरणात काळ्या रबराला २३ मिलिमीटर पुरतात, पण तोच पाइप चकचकीत फॉइलने मढवला तर सुमारे ३० लागतात. दिसायला नीटनेटकं म्हणून जुन्या रबरावर फॉइल चढवलं आणि त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच घाम सुटला, असं होऊ शकतं. गच्चीवर मात्र आवरण लागतंच, कारण उघडं नायट्रिल रबर उन्हाने तडकतं. तिथे जाडी आधीच वाढवून धरायची.

## पंखा लावला तर वाळेल ना? आणि प्लास्टिकचा पाइप घेतला तर?

इन्सुलेशन असलेल्या पाइपाला वाऱ्याची मदत होते. हवा खेळती राहिली की बाहेरचा पृष्ठभाग हवेच्या तापमानाजवळ येतो. उघड्या थंड पाइपावर मात्र पंखा मारला तर उलट घडतं. पाइप आतून थंडच राहतो आणि पंखा त्याला अधिक दमट हवा आणून देतो. थेंब वाढतात.

प्लास्टिकचा पाइप लोखंडापेक्षा बरा, पण त्याची भिंत दोन-तीन मिलिमीटरची. तेवढ्याने पृष्ठभाग तीन-चार अंशांनी वर येतो. आपल्याला वीस अंश चढायचे आहेत. एसीच्या ड्रेन पाइपाला घाम सुटतो तो यामुळेच. खोलीच्या आत त्याला ९ मिलिमीटरची नळी बहुधा पुरते, पण डक्टमध्ये किंवा हवा न खेळणाऱ्या सीलिंगमध्ये १३ किंवा १९ ची घालावी.

घाम रोखणारा म्हणून मिळणारा जाड रंगही याच हिशोबात बसवून पाहावा. त्याचा थर एक-दोन मिलिमीटरचा असतो. पृष्ठभाग दवबिंदूच्या किंचितच खाली असेल, तिथे तो थोडी ओल झेलतो. ७ अंशांच्या पाइपाला त्याचा उपयोग नाही.

## सोमवारी सकाळीच का टपकतं?

ऑफिसांतून ही तक्रार नेहमीची. शनिवार-रविवार एसी बंद असतो. बाहेरची दमट हवा खिडक्यांच्या फटींतून, लिफ्टच्या बाजूने, बाथरूमच्या डक्टमधून आत शिरते आणि सीलिंगच्या वर जाऊन बसते. सोमवारी सकाळी यंत्र सुरू झालं की काही मिनिटांत पाइपात ७ अंशांचं पाणी येतं, पण हवा कोरडी व्हायला बराच वेळ लागतो. तेवढ्या काळात जिथे जिथे इन्सुलेशन कच्चं आहे तिथे पाणी धरतं. अशा वेळी पहिला तास-दीड तास पाणी फार थंड न करता १२-१३ अंशांवर ठेवावं आणि दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात. हवा सुकत जाईल तसं तापमान हळूहळू खाली आणावं. यात एक रुपयाही खर्च होत नाही. फक्त ऑपरेटरला कारण समजावून सांगावं लागतं. आणि सीलिंगच्या वरचा भाग बाहेरच्या डक्टला उघडा असेल तर तो बंद करणं हे रबराची जाडी वाढवण्यापेक्षा स्वस्त आणि जास्त परिणामकारक आहे. वरच्या हिशोबात ९० टक्क्यांवरून ८० वर येण्याने जाडी निम्मी झाली होती, ते आठवा.

## जुनं, भिजलेलं इन्सुलेशन दुरुस्त कसं करायचं?

ओल्या थरावर दुसरा थर चढवणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. आतलं पाणी बाहेर यायची वाट त्याने बंद होते आणि पाइप आत निवांत गंजतो.

आधी बोटाने दाबून पाहायचं. रबर दाबल्यावर पचपचलं किंवा कापल्यावर आतून पाणी निघालं, की कोरडा भाग लागेपर्यंत दोन्ही दिशांनी कापत जायचं. पाणी पाइपालगत सरकत जातं, त्यामुळे थेंबाच्या जागेपासून दोन-तीन मीटरवर सुरुवात सापडते. तेवढ्या भागातलं थंड पाणी बंद करून पाइप खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाही तर पुसता पुसताच तो पुन्हा ओला होतो. गंज तारेच्या ब्रशने काढून प्रायमर लावायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. मग पाइपाच्या बाहेरच्या मापाचीच नळी घ्यायची, कारण सैल नळीच्या आत हवेची पोकळी राहते. चीर गोंदाने बंद करायची. दर दोन मीटरवर नळीचं टोक पाइपालाच गोंदाने चिकटवायचं, म्हणजे पुढे कुठे भोक पडलं तरी ओल त्या दोन मीटरच्या कप्प्यातच अडकेल आणि शोधायला सोपी जाईल.

शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. गोंद पक्का होईपर्यंत थंड पाणी सोडायचं नसतं, निदान एक दिवस, शक्यतो दीड. ऑफिस उघडायचं म्हणून रात्री काम करून सकाळी यंत्र सुरू केलं, तर रबर गारव्याने आकसतं, ओल्या गोंदाच्या कडा केसभर उघडतात आणि वाफेला तेवढी फट पुरते. म्हणून हे काम मेच्या अखेरीस, जोडून सुट्ट्या पाहून काढावं. पाऊस सुरू झाल्यावर पाइप कोरडा करणंच अवघड होऊन बसतं.